चातुर्मासातल्या महाराजसाहेबांची मुलाखत हवी आहे? विनंतीपत्रात 'तुमचे शब्द कुठे वापरू' हे कसं लिहायचं

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने साधारण ६५ किलोमीटरवर चांदवड लागतं. बहुतेकांना हे गाव रेणुकामातेच्या मंदिरामुळे आणि होळकरांच्या रंगमहालामुळे माहीत असतं. पण इथल्या डोंगरात जुनी जैन लेणीही आहेत, आणि श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम ही शिक्षणसंस्था इथे १९२८ पासून आहे. म्हणजे कॉलेजात शिकणारी मुलं आणि जैन समाज, दोन्ही एकाच गावात.

समजा, इथली एक विद्यार्थिनी समाजशास्त्रात एम.ए. करतेय. लघुप्रबंधाचा विषय आहे, पर्युषणातले उपवास आणि तरुण पिढी. यंदा गावात साधूंचा चातुर्मास आहे. गाईड म्हणतात, "महाराजसाहेबांची मुलाखत घे, आधी रीतसर पत्र दे." ती इंटरनेटवर नमुना शोधते आणि तिला सापडतं ते नेहमीचं पत्र : 'आपले अमूल्य मार्गदर्शन लाभावे, ही नम्र विनंती.'

गडबड इथूनच सुरू होते.

'मार्गदर्शन' मागितलं की प्रवचन मिळतं

मराठीत मोठ्या माणसाला पत्र लिहायचं म्हटलं की 'मार्गदर्शन' आणि 'आशीर्वाद' हे शब्द आपोआप येतात. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रात ते चालून जातात. पण धर्मगुरूंसाठी हे शब्द नुसते सौजन्याचे नाहीत. मार्गदर्शन करणं हे त्यांचं रोजचं काम आहे. विद्यार्थिनीने ते मागितलं तर ते उपवासाचं महत्त्व सांगतील, तिलाही एखादा उपवास करून बघायला सुचवतील आणि पाऊण तासाने मांगलिक ऐकवून उठतील. त्यांनी मागितलेलंच दिलेलं असतं. तिला हवं होतं ते तिने मागितलेलंच नसतं.

म्हणून शैक्षणिक हेतू सांगताना तीन गोष्टी सरळ लिहाव्यात : काय शोधायचं आहे, त्यासाठी महाराजसाहेबांशीच का बोलायचं आहे, आणि आणखी कोणाकोणाशी बोलणार आहात. यातली तिसरी गोष्ट बहुतेक जण गाळतात. आपलं म्हणणं प्रबंधात एकटं येणार नाही, उपवास अर्ध्यावर सोडलेल्या मुलाचं म्हणणंही शेजारी छापलं जाणार आहे, हे बोलणाऱ्याला आधी कळायला हवं. ते कळल्यावर बोलायचं की नाही, हे ते ठरवतील.

अवघड प्रश्नांचंही तसंच. उपवासाच्या विषयात संथाऱ्याचा प्रश्न केव्हाही निघू शकतो. संथारा किंवा सल्लेखना म्हणजे आयुष्याच्या अखेरीस अन्नपाण्याचा व्रत म्हणून केलेला त्याग. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने ही प्रथा आत्महत्येसारखी दंडनीय ठरवली आणि त्याच महिन्यात, ३१ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. अशा विषयावरचं साधूचं एखादं वाक्य साधं राहत नाही. त्याला कायद्याचंही वजन येतं. पत्रात 'पर्युषण' लिहून मुलाखतीत शेवटी हळूच संथारा काढणं म्हणजे फसवणूक आहे. विचारायचं असेल तर पत्रात लिहा. विचारायचं नसेल तर तेही लिहा, म्हणजे संघातल्या लोकांच्या मनातली शंका जाईल.

पत्र वाचणार कोण?

जैन साधू-साध्वी चातुर्मासात, म्हणजे आषाढातल्या चतुर्दशी-पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत, एका गावी राहतात. एरवी ते पायी विहार करत असतात. अनेक परंपरांत साधू मोबाईल वापरत नाहीत. त्यामुळे पत्र ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपने थेट पोहोचत नाही. ते स्थानिक संघाच्या अध्यक्षांकडे किंवा चातुर्मास समितीकडे कागदावरच द्यावं लागतं. स्थानकवासी परंपरेत साधू स्थानकात उतरतात, मूर्तिपूजक श्वेतांबर परंपरेत उपाश्रयात. आधी पत्ता नीट विचारून घ्या. एका परंपरेचा शब्द दुसरीकडे लिहिला तर पहिल्याच ओळीत कळतं की अभ्यास कच्चा आहे.

पत्र बऱ्याचदा एखादा श्रावक मोठ्याने वाचून दाखवतो. म्हणून वाक्यं छोटी हवीत. 'संशोधनात्मक दृष्टिकोनातून गुणात्मक पद्धतीने' असलं काही ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून जातं. आणि अध्यक्षही ते वाचतात, हे लक्षात ठेवून जबाबदार माणसाची सही, म्हणजे गाईडची, त्यावर असावी. विभागाच्या लेटरहेडवर असेल तर उत्तमच.

मायन्यात नाव लिहिताना 'प. पू. ... म. सा. आदि ठाणा ४' अशी पद्धत दिसते. म. सा. म्हणजे महाराजसाहेब आणि ठाणा म्हणजे सोबत किती साधू किंवा साध्वी आहेत तो आकडा. साध्वींना अनेक ठिकाणी महासतीजी म्हणतात. तुम्ही जैन नसाल तर 'मत्थएण वंदामि' उसनं आणायची गरज नाही. 'सविनय प्रणाम' पुरतं.

अवतरणांचा परिच्छेद

आता पत्राचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. बहुतेक पत्रांत तो एका ओळीत उरकलेला असतो : 'माहितीचा उपयोग केवळ शैक्षणिक कामासाठी केला जाईल.' ही ओळ खोटी नसते, पण ती काहीच सांगत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अठ्ठाई, म्हणजे सलग आठ दिवसांच्या उपवासाबद्दल विचारल्यावर महाराजसाहेब म्हणाले असं समजा : "आठ दिवस प्रत्येकाला जमतील असं नाही. शरीर साथ देत नसेल तर थांबावं. पण नुसता कंटाळा आला म्हणून थांबू नये."

प्रबंधात हे तीन प्रकारे येऊ शकतं. तिन्ही वाक्यं जशीच्या तशी अवतरणचिन्हांत छापली तर अर्थ शाबूत राहतो. 'साधूंच्या मते तब्येत बघूनच उपवास करावा' असा सारांश दिला तर तो खरा असला तरी अर्धा आहे. आणि तिसरा प्रकार : "...थांबू नये," असं एका साधूंनी सांगितलं. शब्द त्यांचेच आहेत, एकही बदललेला नाही, आणि तरीही अर्थ उलटा झाला. दमलेल्या मुलांवर साधू जबरदस्ती करतात, असं वाचणाऱ्याला वाटेल. या तिसऱ्या प्रकाराचा स्क्रीनशॉट झाला की पुढे काय होतं, ते सोशल मीडियावर असणाऱ्याला सांगायला नको.

म्हणून पत्रात वचन द्यायचं ते नेमकं : अवतरण पूर्ण विचारासह देऊ, ते कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात आलं तेही लिहू, आणि सारांश असेल तिथे अवतरणचिन्हं वापरणार नाही.

भाषेचाही मुद्दा आहे. महाराजसाहेब हिंदीत किंवा मारवाडीत बोलले आणि प्रबंध मराठीत असला, तर छापलेले शब्द खरं तर तुमचे असतात. तिथे मूळ वाक्य तळटीपेत द्यावं. 'तप', 'पच्चक्खाण', 'पारणं' हे शब्द तसेच ठेवून कंसात अर्थ लिहावा. 'तप'ऐवजी 'डाएट कंट्रोल' लिहिलं की संवाद संपलाच.

नाव लपवणं छोट्या गावात चालत नाही

संशोधनाच्या पुस्तकांत सल्ला असतो की नाव गुप्त ठेवा. शहरातल्या बारा तरुणांसाठी तो ठीक आहे. पण 'चांदवड येथे चातुर्मासासाठी आलेल्या एका ज्येष्ठ साधूंनी सांगितले' असं लिहून काय लपलं? त्या वर्षी तिथे कोण होतं, ते तालुक्याला माहीत असतं. निमंत्रणपत्रिका छापलेली असते, फलक लागलेला असतो.

त्यामुळे धर्मगुरूंना गुप्ततेचं वचन देऊ नये. जे पाळता येत नाही ते कबूल करण्यापेक्षा दोन पर्याय ठेवावेत. एक, नावासह अवतरण. दोन, फक्त पार्श्वभूमी समजून घेण्यासाठी बोलणं, ज्यातलं एकही वाक्य छापलं जाणार नाही. मुलाखतीच्या मध्येच त्यांनी 'हे लिहू नका' म्हटलं तर तेवढा भाग दुसऱ्या गटात जातो, हेही पत्रात असावं. जाहीर प्रवचनाचं मात्र वेगळं. ते सगळ्यांसमोर झालेलं असतं, यूट्यूबवरही असू शकतं. त्यातलं वाक्य तारखेसह देता येतं, पण ते मुलाखतीतलं म्हणून खपवायचं नाही.

आभाराच्या पानाचीही परवानगी घ्या. हे किरकोळ वाटेल, पण महाराष्ट्रात याची एक कडू आठवण आहे. जेम्स लेन यांचं शिवाजी महाराजांवरचं इंग्रजी पुस्तक २००३ मध्ये आलं. त्यातला सर्वाधिक वादग्रस्त मजकूर कागदपत्रांवर आधारलेला नव्हता, लोक विनोदाने असं बोलतात, एवढाच त्याचा आधार होता. कोण बोललं, कधी, कशाच्या संदर्भात, काहीच नाही. लेखक अमेरिकेत होते. पुण्यातले संस्कृतचे अभ्यासक श्रीकांत बहुलकर यांचं नाव पुस्तकातल्या आभारात होतं. डिसेंबर २००३ मध्ये त्यांच्या तोंडाला काळं फासण्यात आलं. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला. ज्यांनी ते वाक्य लिहिलं नव्हतं, त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. तुमच्या निष्कर्षांशी महाराजसाहेब सहमत आहेत, असा अर्थ आभारातून निघू शकतो. म्हणून आभार मानायचे की नाहीत, हे त्यांना विचारावं.

तपासायला काय द्यायचं, काय नाही

संघाकडून एक मागणी हमखास येते : "पूर्ण प्रबंध जमा करण्याआधी आम्हाला दाखवा." तिथे विद्यार्थी गडबडतो आणि हो म्हणून बसतो. मग विश्लेषणावरही आक्षेप येतात, आणि सबमिशनची तारीख जवळ आलेली असते.

याचं उत्तर पत्रातच देऊन ठेवावं. त्यांच्या बोलण्याचं टिपण आणि त्यातून निवडलेली अवतरणं दाखवू. चूक असेल तर दुरुस्त करू, एखादं वाक्य नको असेल तर काढू. विश्लेषण आणि इतरांच्या मुलाखती दाखवणार नाही, कारण त्या इतरांनाही तसाच शब्द दिलेला आहे. हे आधी लिहिलं की वाटतं तेवढं कठोर वाटत नाही. नंतर सांगितलं की ते पाठ फिरवल्यासारखं वाटतं.

आणि पुढचा प्रवास लपवू नये. एम.ए.चा लघुप्रबंध बहुतेक वेळा विभागात आणि ग्रंथालयात राहतो. पीएच.डी.चे प्रबंध मात्र 'शोधगंगा' या ऑनलाइन भांडारात जातात आणि जगात कुणीही ते उघडू शकतं. तिथून उचललेल्या वाक्यावर विद्यार्थ्याचा ताबा नसतो. 'बाहेर कुठेही जाणार नाही' असं लिहू नये. 'मी स्वतः ते बातमी, रील किंवा पोस्टसाठी देणार नाही,' एवढंच लिहिता येतं, कारण तेवढंच हातात असतं.

पूर्ण पत्र असं दिसेल

प्रति,
परमपूज्य श्री ............ महाराजसाहेब, आदि ठाणा ....
द्वारा : मा. अध्यक्ष, चातुर्मास समिती, ............ संघ, चांदवड, जि. नाशिक

विषय : एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मुलाखतीची विनंती

महाराजसाहेबांना सविनय प्रणाम.

मी ............ महाविद्यालयात समाजशास्त्र विषयात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. पर्युषणातील उपवास आणि चांदवडमधील तरुण पिढी या विषयावर मी लघुप्रबंध लिहीत आहे. माझ्या मार्गदर्शकांची सही खाली आहे.

उपवासाचा अर्थ साधू कसा सांगतात आणि तरुण तो कसा समजून घेतात, हे मला अभ्यासायचे आहे. पहिली बाजू आपल्याकडूनच समजू शकते, म्हणून ही विनंती. मी बारा तरुणांशीही बोलणार आहे. त्यांत उपवास करणारे आणि न करणारे, दोघेही असतील. धर्माचा प्रचार किंवा धर्मावर टीका हा माझा हेतू नाही. मते वेगवेगळी असतील तर ती तशीच मांडीन.

मला मुख्यतः तीन प्रश्न विचारायचे आहेत. उपवास कोणी करावा आणि कोणी करू नये? तरुणांना आपण तो कसा समजावून सांगता? गेल्या काही वर्षांत आपल्याला काय बदल जाणवला? संथाऱ्याविषयी मी प्रश्न विचारणार नाही.

पर्युषण झाल्यानंतर, आपल्या सोयीच्या दुपारी सुमारे एक तास मिळावा. माझ्यासोबत एक वर्गमित्र असेल. आपल्या नियमानुसार आणखी कोणी उपस्थित राहायचे असल्यास तसे कळवावे. रेकॉर्डिंग आपली परवानगी असेल तरच करीन. नसेल तर वहीत लिहून घेईन.

आपल्या बोलण्याचा उपयोग असा करीन : आपले वाक्य पूर्ण विचारासह आणि माझ्या प्रश्नासह देईन. आपण हिंदीत बोललात तर मूळ वाक्य तळटीपेत देईन. आपले नाव द्यावे की बोलणे केवळ माझ्या माहितीसाठी ठेवावे, हे आपण ठरवावे. नाव न देताही आपण कोण हे गावात ओळखले जाईल, म्हणून गुप्ततेचे वचन मी देऊ शकत नाही. जे लिहू नये असे आपण सांगाल ते लिहिणार नाही. आभारात आपले नाव आपल्या परवानगीनेच घालीन.

मुलाखतीनंतर पंधरा दिवसांत टिपण आणि निवडलेली अवतरणे आपल्याकडे आणून देईन. त्यांत दुरुस्ती करण्याचा किंवा एखादे वाक्य काढण्याचा अधिकार कार्तिक पौर्णिमेपर्यंत आपला राहील. विश्लेषण व इतरांच्या मुलाखती मात्र दाखवता येणार नाहीत. लघुप्रबंध महाविद्यालयाच्या ग्रंथालयात राहील. मी त्यातील मजकूर बातमी किंवा समाजमाध्यमांसाठी देणार नाही.

नकार असल्यास तोही समितीमार्फत कळवावा. त्याचा उल्लेख प्रबंधात करणार नाही.

आपली नम्र,
............ (सही, दूरध्वनी)
मार्गदर्शक : ............ (सही, विभागाचा शिक्का)

तारखा आधी मांडून घ्या

पत्रातल्या 'कार्तिक पौर्णिमेपर्यंत' या शब्दांवर बरंच काही अवलंबून आहे. चातुर्मास संपला की साधू विहाराला निघतात. मग टिपण दाखवायला त्यांचा मुक्काम कुठे आहे, ते संघांना विचारत फिरावं लागतं. म्हणून मागून मोजत यावं. पत्र आषाढात, चातुर्मास सुरू झाल्यावर आठवड्याभरात द्यावं. पर्युषणाच्या दिवसांत मुलाखत मागू नये, तेव्हा स्थानकात दिवसभर गर्दी असते. श्वेतांबरांचं पर्युषण भाद्रपद शुद्ध चतुर्थी-पंचमीला संवत्सरीने संपतं आणि दिगंबरांचं दशलक्षण पर्व त्याच पंचमीच्या सुमाराला सुरू होतं. गावात कोणते साधू आहेत ते पाहून दिवस ठरवा. भाद्रपदाच्या शेवटी मुलाखत झाली की आश्विनात टिपण तयार होतं, आणि तपासायला दिवाळीच्या आसपासचा वेळ उरतो.

वेळ दुपारचीच का? सकाळी प्रवचन असतं, त्यानंतर गोचरी, आणि संध्याकाळी प्रतिक्रमण. शिवाय अनेक परंपरांत साधू स्त्रियांना आणि साध्वी पुरुषांना एकटं भेटत नाहीत. म्हणजे खोलीत तिसरं माणूस असणारच. ते तिथे असताना दिलेलं उत्तर आणि नसताना दिलं गेलं असतं ते उत्तर सारखंच असेल असं नाही. म्हणून कोण हजर होतं, याची नोंद टिपणाच्या पहिल्या ओळीत करावी.

रेकॉर्डिंगला नकार मिळाला तर एकाने प्रश्न विचारावेत आणि दुसऱ्याने लिहावं. त्याच रात्री दोघांनी बसून टिपण पक्कं करावं. दोघांच्या आठवणीत एखादं वाक्य वेगळं निघालं, तर त्याला अवतरणचिन्हं लावायची नाहीत, सारांश लिहायचा. संमतीपत्रावर सही करायला महाराजसाहेब राजी नसतील तर संमती तोंडी घ्यावी आणि तारीख, वेळ, हजर असलेल्यांची नावं वहीत लिहावीत. ही वही प्रबंधाला जोडायची नाही, गाईडकडे ठेवायची. उद्या कुणी विचारलं की हे वाक्य खरंच बोलले होते का, तर आधी तीच उघडली जाईल.